तीन फुटांचे जोते आणि रॅम्पचे गणित



राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्या व्यापारी पेठांना आणखी एक धडा दिला. ज्यांच्या दुकानात वा घरात पाणी शिरले, त्यांनी पुढच्या बांधकामात जोते उंच केले. पूर्वी दोन पायऱ्या चढून आत जाता येई तेथे आता पाच-सहा पायऱ्या दिसतात. पुराच्या दृष्टीने हा विचार योग्यच आहे. परंतु याच काळात घरातील वडीलधारी मंडळी वृद्ध होत आहेत, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया होत आहेत, चाकाच्या खुर्चीचा उपयोग वाढत आहे. अशा वेळी नकाशावर दाराशेजारी एक तिरकी रेघ ओढून तिच्यावर ‘रॅम्प’ असे लिहिले जाते. ती रेघ किती लांबीची असावयास हवी, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही.

बँकेच्या नोकरीत असताना अशा रेघा मी पुष्कळ पाहिल्या. एटीएमपर्यंत चाकाची खुर्ची पोचावी म्हणून रॅम्प करावेत, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सर्व बँकांना दिल्या. त्यानंतर तपासणीच्या नमुन्यात ‘रॅम्प आहे काय?’ असा रकाना आला आणि त्यात ‘होय’ लिहिले जाऊ लागले. एका शाखेत ४५ सेंटिमीटर उंचीसाठी दीड मीटर लांबीचा रॅम्प होता. म्हणजे प्रत्येक सव्वातीन सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर. त्यावरून नोटांच्या पेट्यांची ढकलगाडी चढविताना दोन शिपाई लागत. माणूस बसलेली खुर्ची तेथे कधी चढली असेल, असे मला वाटत नाही. रकाना मात्र भरला गेला होता.

तेव्हा आधी उताराचे प्रमाण पाहू. १:१२ म्हणजे एक एकक चढण्यासाठी बारा एकके आडवे अंतर. आपल्याकडील नियमांनी ठरविलेला हा सर्वांत तीव्र उतार आहे. याहून तीव्र नको, एवढाच त्याचा अर्थ. कंत्राटदार मात्र तोच ‘नियमाचा उतार’ म्हणून सांगतात, जणू याहून सौम्य करणे हा अपव्ययच. यातील फरक वजनाच्या हिशेबाने चटकन कळतो. खुर्ची आणि तीत बसलेली व्यक्ती मिळून ८० किलो धरू. १:१२ च्या उतारावर ती नुसती धरून ठेवण्यासाठीच सुमारे पावणेसात किलोचा जोर लागतो, १:१५ वर सव्वापाच-साडेपाच किलोचा आणि १:२० वर चार किलोचा. चाकांचे घर्षण आणि पुढे ढकलण्याचे श्रम याहून वेगळे. घरोघरी खुर्ची ढकलणारी व्यक्ती कोण असते? बहुधा सत्तरीतील पत्नी. चढताना तिची दमछाक होते, आणि उतरताना तेच वजन तिला मागे ओढून धरावे लागते, जे अधिक धोक्याचे. ज्यांना कोणी ढकलणारे नाही, त्यांचा विचार तर याहून आधी करावयास हवा. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ज्या नगरीत ‘हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि ज्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन घरोघरी वाचले गेले, त्या कोल्हापुरात तरी रॅम्पचे माप स्वतःच्या हातांनी चाके फिरविणाऱ्या व्यक्तीकडे पाहून ठरावे. माझे मत असे, की जागा असेल तेथे १:२० करावा, अगदी अडचण असेल तर १:१५, आणि १:१२ केवळ लहान चढासाठी राखून ठेवावा.

आता दुसरी गोष्ट, लँडिंगची. लँडिंग म्हणजे दोन उतारांच्या मधील, आरंभीचा आणि शेवटचा सपाट भाग. आपण त्याला विसावा म्हणू. तो दीड मीटर लांबीचा असावा, कारण खुर्ची थांबविण्यास आणि वळविण्यास तेवढी जागा लागते. दोन विसाव्यांमधील सलग उताराला पल्ला म्हणू. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत सार्वजनिक उपयोगाच्या इमारतींसाठी १:१२ हा कमाल उतार, १.८ मीटर किमान रुंदी आणि ९ मीटर कमाल लांबी अशी मर्यादा आहे. १:१२ च्या उताराने ९ मीटर गेल्यावर ७५ सेंटिमीटर चढ होतो. अमेरिकेतील नियम लांबीऐवजी चढाच्या भाषेत बोलतो आणि एका पल्ल्यात ३० इंचांहून अधिक चढू देत नाही. ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. दोन निरनिराळ्या वाटांनी दोघेही जवळपास त्याच आकड्यावर येतात. इंग्लंडमधील मार्गदर्शक माप अधिक कडक आहे. तेथे १:२० चा पल्ला १० मीटरपर्यंत चालतो, १:१५ चा ५ मीटरपर्यंतच, आणि १:१२ चा अवघा २ मीटर. उतार जितका तीव्र तितका विसावा लवकर, हा त्यामागील विचार मला पटतो. खालील उदाहरणासाठी आपण आपल्याकडील ९ मीटरचा पल्ला धरू.

समजा, समाजाच्या एका सभागृहाचे जोते अंगणापासून ९० सेंटिमीटर उंच आहे आणि अंगण पूर्ण सपाट आहे. १:२० ने उताराची लांबी ९० गुणिले २०, म्हणजे १८ मीटर. ९ मीटरच्या पल्ल्याने भागले की दोन पल्ले. येथे अनेकजण चटकन ‘दोन विसावे’ म्हणतात. परंतु दोन पल्ल्यांच्या मध्ये सांधा एकच असतो. पाच बोटांत चार बेचके असतात, तसे. म्हणून मधला विसावा एक. त्यात दारापुढचा वरचा आणि अंगणातील खालचा असे दोन मिळविले की एकूण तीन. तीन विसाव्यांचे साडेचार मीटर आणि उताराचे १८ मीटर, एकूण साडेबावीस मीटर, म्हणजे सुमारे ७४ फूट जागा हवी. भागाकारात अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा धरावयाचा, कारण उरलेल्या थोड्याशा उतारासाठीही वेगळा पल्ला लागतोच. तसे झाले तर सर्व पल्ले सारख्या लांबीचे करून घ्यावेत. शेवटी दीड हाताचा तुकडा ठेवू नये.

हाच हिशेब १:१२ ने केला तर उतार १०.८ मीटर. ९ ने भागता १.२ येतात, म्हणून पल्ले दोन आणि मधला विसावा एकच. एकूण १५.३ मीटर. १:१५ ने उतार साडेतेरा मीटर, पल्ले पुन्हा दोन, एकूण १८ मीटर. म्हणजे या जोत्यासाठी सौम्य उतार निवडल्याने एकही विसावा वाढत नाही. वाढते ती केवळ उताराची सात-सव्वासात मीटर लांबी. ‘सौम्य केला की लँडिंगे वाढतात’ ही तक्रार येथे खरी ठरत नाही.

आता याच उदाहरणात एक लहानसा बदल करू. रॅम्पचे काम मंजूर झाल्यावर कोणी दानशूर गृहस्थ म्हणतात, ‘सभागृहाची जुनी फरशी तशीच ठेवून वर नवी टाइल्स बसवू, खर्च माझा.’ टाइल्स आणि तिच्याखालचा माल मिळून दोन सेंटिमीटर उंची वाढली. जोते ९२ सेंटिमीटर झाले. उताराची लांबी १८.४ मीटर झाली, ९ ने भागता दोनाहून किंचित अधिक, म्हणून पल्ले तीन आणि मधले विसावे दोन. एकूण लांबी साडेबावीसऐवजी २४.४ मीटर. दोन सेंटिमीटरनी जवळपास दोन मीटर जागा मागितली. ‘तीन फूट’ असे मोघम बोलणाऱ्यांच्याही हे ध्यानात यावे, कारण तीन फूट म्हणजे ९० नव्हे, ९१.४ सेंटिमीटर. अशा वेळी दोन मार्ग आहेत. एक तर दुसरा विसावा देण्याची तयारी ठेवावी, किंवा उतार १:२० ऐवजी १:१९.५ करून दोन पल्ल्यांत बसवावा. दुसऱ्या मार्गात मला काही गैर दिसत नाही. परंतु हा निर्णय कागदावर जाणीवपूर्वक व्हावा. तो गवंड्यावर सोडला तर गवंडी विसाव्यातूनच जागा कापतो. म्हणून उंची मोजताना तयार फरशीपासून तयार जमिनीपर्यंत मोजावी. अंगणात पुढे फरसबंदी व्हावयाची असेल तर तीही धरावी.

येथे एका शंकेचे उत्तर देऊन ठेवतो. लांबी जमिनीवर आडवी मोजावयाची की उतारावरून तिरकी? १८ मीटरच्या या रॅम्पमध्ये दोहोंत केवळ सव्वादोन सेंटिमीटरांचा फरक पडतो. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये.

खरा घोटाळा होतो तो अन्यत्र. आतापर्यंत आपण अंगण सपाट धरले. पावसाचे पाणी दारातून फाटकाकडे वाहून जावे म्हणून बहुतेक अंगणांना उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही. समजा, हा उतार ८० ला १ आहे, म्हणजे दर ८० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. आपला रॅम्प दारातून सरळ फाटकाकडे निघाला. उंची तर आपण पायऱ्यांपाशी मोजली होती, ९० सेंटिमीटर. पण रॅम्पचा पाय पायऱ्यांपाशी टेकत नाही, तो वीस-बावीस मीटर पुढे टेकतो, आणि तेथे जमीन पाव मीटरने खाली गेलेली असते. म्हणून रॅम्प आणखी पुढे न्यावा लागतो. पुढे नेला की जमीन आणखी खाली, म्हणून रॅम्प आणखी लांब. मुद्दलावर व्याज आणि व्याजावर पुन्हा व्याज, असा हा प्रकार आहे. सुदैवाने चक्रवाढीसारखा तो अखंड फुगत नाही. प्रत्येक वेळी वाढ मागच्या वाढीच्या चौथाई होते आणि शेवटी स्थिरावते.

कोठे स्थिरावते तेही पाहू. उतार साडेपंचवीस मीटर होतो. ९ ने भागता तीन पल्ले, प्रत्येकी साडेआठ मीटरचे. मधले विसावे दोन. दारापुढचा विसावा, तीन पल्ले आणि दोन मधले विसावे मिळून ३० मीटर. तेथे अंगण दारापाशी होते त्याहून साडेसदतीस सेंटिमीटर खाली आहे. त्यात मूळचे ९० मिळविले की १२७.५ सेंटिमीटर. आणि साडेपंचवीस मीटर भागिले वीस, हेही १२७.५ सेंटिमीटरच. दोन्ही बाजूंचा ताळा जुळला. खालचा विसावा धरून एकूण जागा साडेएकतीस मीटर. सपाट अंगणातील साडेबावीस मीटरहून हे तब्बल ९ मीटर अधिक झाले आणि एक विसावाही वाढला. एवढी जागा नसली की काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. वरचे दोन पल्ले व्यवस्थित असतात आणि शेवटचा भाग घसरगुंडीसारखा खाली आणून फाटकाशी टेकविलेला असतो.

यावरील उपाय सोपा आहे. रॅम्प फाटकाकडे नेऊ नये, भिंतीला समांतर न्यावा आणि मधल्या विसाव्यावर वळवून परत दारापाशी आणावा. पहिला पल्ला भिंतीलगत, दुसरा त्याच्या बाहेरून उलट दिशेने. मग रॅम्पचा पाय भिंतीपासून सुमारे तीन मीटरवर टेकतो. तेथे जमीन जेमतेम चार सेंटिमीटर खाली असते. एकूण चढ ९४ सेंटिमीटर. १:१९ चा उतार ठेवला तर लांबी १८ मीटरच्या आत राहते आणि दोन पल्ल्यांत काम भागते. विसावे धरून ही सर्व रचना १२ मीटर लांब आणि पावणेचार ते चार मीटर रुंद जागेत बसते. मधला विसावा मात्र दोन्ही पल्ल्यांच्या एकत्रित रुंदीचा असावा लागतो, कारण खुर्ची तेथे पूर्ण वळते. या वळणावर काटकसर केली तर सर्व खर्च वाया जातो.

म्हणून मोजमाप घेताना एकच उंची न घेता, रॅम्प जेथे टेकू शकेल अशा दोन-तीन जागी घ्यावी. गवंड्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिचे एक टोक उंबऱ्यापाशी आणि दुसरे अंगणातील त्या जागी धरले की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत उभे राहते आणि खरी उंची हाती येते. पाच मिनिटांचे काम आहे. नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही, एवढे पाहावे.

पेठेतील दुकानदार बंधू म्हणतील, हे अंगण असणाऱ्यांचे गणित झाले, आमचे काय? त्यांची अडचण खरी आहे. ४५ सेंटिमीटर जोत्याला १:१२ ने ५.४ मीटर उतार आणि दोन टोकांचे विसावे धरून ८.४ मीटर लागतात. दुकानाची दर्शनी रुंदी तीन-चार मीटर, आणि पुढे लगेच गटार व रस्ता. रस्त्यावर रॅम्प काढता येत नाही आणि काढूही नये. परंतु एकाच रांगेत चार दुकाने असतील व त्यांची जोती सारख्या उंचीची असतील, तर पुढील ओटा सलग करून टोकाला एकच रॅम्प करता येतो. चौघांनी मिळून खर्च केला तर कोणाचेही दर्शनी अंग अडत नाही. यासाठी शेजाऱ्यांत सलोखा हवा, आणि दुसऱ्याच्या ओट्यावर माल मांडण्याचा मोह आवरावयास हवा! तेही जमत नसेल तर अॅल्युमिनियमची घडीची फळी मिळते. पण तिची मर्यादा जाणून घ्यावी. १.८ मीटर, म्हणजे सहा फूट लांबीची फळी १:१२ ने केवळ १५ सेंटिमीटर चढविते. एका पायरीसाठी ती उत्तम आहे, तीन पायऱ्यांसाठी नव्हे. त्याहून अधिक उंचीला जागाच नसेल तर उभ्याने वर जाणाऱ्या लहान लिफ्टचा विचार करावा. तीव्र रॅम्प करून समाधान मानू नये.

विसाव्यांविषयी दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. कोल्हापूरच्या पावसात सपाट विसाव्यावर पाणी साचते म्हणून गवंडी त्याला ढाळ देतो. ढाळ द्यावा, पण मीटरला दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, नाहीतर ब्रेक न लावलेली खुर्ची सरकू लागते. दुसरी गोष्ट दारापुढच्या विसाव्याची. दार बाहेर उघडत असेल तर त्या झडपेने निम्मा विसावा व्यापला जातो आणि दार उघडण्यासाठी खुर्चीला उतारावर मागे सरकावे लागते. दार आत उघडेल असे करावे किंवा वरचा विसावा दाराच्या रुंदीइतका वाढवावा. दोन्ही बाजूंच्या कठड्याचा दांडा उताराच्या शेवटी न थांबता ३० सेंटिमीटर पुढे जावा, असेही नियमावलीत आहे. त्याचा लाभ काठी घेऊन चालणाऱ्यांना अधिक होतो.

झालेल्या कामाची परीक्षा घरच्या घरी करता येते. १२० सेंटिमीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिचे एक टोक रॅम्पवर वरच्या बाजूस टेकवावे, दुसरे टोक उतरत्या बाजूस हातात धरावे आणि फळीवर गवंड्याची लेव्हल ठेवून ती आडवी सपाट करावी. खालच्या टोकाशी फळी व रॅम्प यांतील अंतर पट्टीने मोजावे. १० सेंटिमीटर आले तर उतार १:१२, ८ आले तर १:१५, ६ आले तर १:२०. ही मोजणी एकाच ठिकाणी करून थांबू नये. प्रत्येक पल्ल्याच्या वर, मध्ये आणि खाली करावी; विशेषतः शेवटच्या दोन मीटरांत, कारण चुकलेली उंची तेथेच दडविलेली असते. विसाव्यावर फळी ठेवली तर अंतर अडीच सेंटिमीटरच्या आत राहावयास हवे. कंत्राटात उताराचे प्रमाण, पल्ल्यांची व विसाव्यांची संख्या आणि प्रत्येकाची लांबी लिहून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता ही फळी फिरवून झाल्यावरच द्यावा.